सतराशे साठ ट्रॉल्या आणि चौदाशे छप्पन ब्रास

आमच्या गावचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. माण-खटावच्या पट्ट्यात त्या साली दुष्काळी कामांवर जे तलाव खणले गेले, त्यांतलाच एक. खणणारे बरेचसे हात आता उरलेले नाहीत, आणि पन्नास वर्षांत तलावात गाळ एवढा साचला की गेली काही वर्षं फेब्रुवारीतच त्यात पोरं क्रिकेट खेळू लागली होती. २०२५च्या फेब्रुवारीत गावच्या न्यासाने गाळ काढण्यासाठी वर्गणी काढायचं ठरवलं. मी गावचाच, पत्रकारितेत आयुष्य गेलेला. म्हणून आवाहनाचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि पुढे ऑगस्टमध्ये देणगीदारांना हिशेबाचं पत्र लिहायचं कामही माझ्याच अंगावर पडलं. पहिलं पत्रक मी एका बैठकीत लिहून दिलं होतं. दुसऱ्याला तीन आठवडे लागले. हा लेख त्या तीन आठवड्यांचा आहे.

देणगीदार ३१२. त्यांतले निम्म्याहून अधिक मुंबईकर मंडळी, म्हणजे वाशीच्या बाजारात माथाडी काम करणारे, घणसोली-कोपरखैरण्यात राहणारे, रिक्षा चालवणारे. सर्वांत लहान देणगी १०१ रुपयांची, सर्वांत मोठी ५,००० ची. आकडे मिळून ४,१०,००० पर्यंत गेले होते. पत्रकात मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या : २,८०० ब्रास गाळ काढू, खचलेला सांडवा दगडी बांधून घेऊ, आणि तलाव एकदा भरला की ७९ लाख लिटर पाणी जास्त साठेल. हे शेवटचं वाक्य मी जाड ठशात छापून घेतलं होतं, आणि पुढे सगळ्यात जास्त त्रास त्यानेच दिला.

खर्चाचा अंदाज साधा होता. पोकलेन तासाला २,००० रुपये, डिझेलसह. तासाला साधारण एकवीस ट्रॉल्या भरून निघतात आणि एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. त्या हिशेबाने १३३ तास, म्हणजे २,६६,००० रुपये. गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने, आपल्या खर्चाने न्यायचा, जसं सरकारच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतही सुरुवातीला होतं. सांडव्याला १,२०,०००. ट्रेलरवरून पोकलेन आणायला आणि परत न्यायला १८,०००. पावतीपुस्तकं, फलक, चुना यांना ६,०००. एकूण ४,१०,०००.

परवानगीचं पत्र हातात पडायला एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला. ६ मे रोजी मशीन लागलं. आमच्याकडे मृग लागेपर्यंत रान कोरडं असतं, या हिशेबाने महिनाअखेरपर्यंतचा वेळ निर्धास्त धरला होता. त्या वर्षी मे महिन्यात काय झालं ते वाचकांना आठवत असेल. वळीव थांबेचना, आणि २६ मे रोजी तर मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. एवढ्या लवकर तो याआधी नोंदीत नव्हता. आमच्या तलावात २० मेच्या रात्री पहिलं पाणी आलं. सकाळी मशीन कमरेएवढ्या चिखलात होतं.

२७ मे रोजी खजिनदार गुरुजींनी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सगळ्या देणगीदारांना चार ओळी पाठवल्या : पाऊस लवकर आला, काम अर्धवट थांबलं, मशीन बाहेर काढलं आहे, सविस्तर हिशेब मोजमाप झाल्यावर पाठवतो. त्यात एकही आकडा नव्हता, कारण तेव्हा तो कोणालाच माहीत नव्हता. पण कोणी विचारण्याआधी ते पत्र गेलं. वाईट बातमी गावाकडून आली की तिला हिशेब म्हणतात, आणि तीच वाशीच्या बाजारात दुसऱ्याच्या तोंडून कळली की तिचा घोळ होतो, हे गुरुजींना चांगलं ठाऊक होतं.

जूनमध्ये तलाव काठोकाठ भरला. जलपूजन झालं, खणा-नारळाने ओटी भरली, ड्रोनने फोटो काढले. समितीतल्या काहींचं म्हणणं पडलं की हाच फोटो सगळ्यांना पाठवा, खाली ‘आपल्या सहकार्याने’ लिहा, काम झालं. फोटो खरा होता, पाणीही खरं होतं. पण भरलेला तलाव वरून सारखाच दिसतो. खाली चाळीस लाख लिटरची जागा नवी झाली असो की ऐंशीची, पाण्याची पातळी सांडव्याच्या माथ्यालाच टेकते. ज्या गोष्टीसाठी लोकांनी पैसे दिले होते, नेमकी तीच त्या फोटोत दिसत नव्हती. तो फोटो पाठवायचा नाही, निदान एकटा पाठवायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

मग कुणी म्हणालं, ऑडिट होणारच आहे, तेच पाठवू. सार्वजनिक न्यासाचे हिशेब दर वर्षी तपासून धर्मादाय कार्यालयाला सादर करावे लागतात, ते आमचेही होतात. पण आमची वर्गणी मुख्यतः मार्चमध्ये जमली आणि खर्च मे महिन्यात झाला. आर्थिक वर्ष मध्येच ३१ मार्चला संपलं. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या ताळेबंदात नुसती जमा दिसणार, आणि खर्च दिसणारं ऑडिट २०२६ सालच्या पावसाळ्यानंतर हाती येणार. शिवाय त्यात दिसणार ती एकच ओळ : पाझर तलाव दुरुस्ती, रु. २,५५,९००. लेखापरीक्षकाने ती बिलांशी ताडून पाहिलेली असेल आणि ती पैशापैशाला बरोबर असेल. तरी पाचशे रुपये दिलेल्या माणसाला त्यातून काही कळणार नाही. त्याने ‘तलाव दुरुस्ती’साठी पैसे दिले नव्हते. त्याला आम्ही ब्रास आणि लिटर सांगितले होते. ज्या मापात शब्द दिला, त्याच मापात हिशेब द्यावा लागतो, आणि ते माप ऑडिटमध्ये नसतं.

म्हणून आधी खड्डा मोजायचा होता. तो पाण्याखाली गेलेला. इथे आम्हाला वाचवलं गावातल्या एका म्हातारीने. ती बहात्तर साली याच तलावावर पाटी उचलायला होती. त्या कामावर मजुरी मोजमापावर मिळायची, आणि मोजायला खणण्याआधीची जमीन कुठवर होती ते कळावं म्हणून खड्ड्यात मधे मधे मातीचे उंचवटे न खणता ठेवत. मशीन लागलं त्या दिवशी ती काठावर येऊन उभी राहिली आणि गुरुजींना म्हणाली, “मास्तर, चार-दोन ढिगुळं तशीच ऱ्हाऊ द्या, नायतर मापणार कशाला?” गुरुजींनी सहा उंचवटे ठेवायला सांगितले. पोकलेनवाला वैतागला, कारण त्यांना वळसा घालावा लागत होता. २१ मेच्या दुपारी पाणी थोडं ओसरलं तेव्हा दोघा पोरांनी गुडघाभर पाण्यात उतरून त्या सहा उंचवट्यांच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप लावला आणि आकडे वहीत टिपले. ती वही मी पाहिली. तिची पानं चिखलाने चिकटलेली आहेत आणि खोलीचे आकडे साडेतीन फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंत आहेत. काठाकडे कमी, मध्यभागी जास्त. सरासरी ५.२ फूट. लांबी २०० फूट, रुंदी १४० फूट. गुणाकार १,४५,६०० घनफूट, म्हणजे १,४५६ ब्रास.

दुसरीकडे ट्रॉल्यांची नोंदवही. बांधावर बसून एक पोरगा प्रत्येक ट्रॉलीला एक रेघ मारायचा, पाचवी रेघ आडवी. रेघा मोजल्या तर १,७६०.

दोन्ही वह्या खऱ्या होत्या आणि दोन्हींत ३०४ चा फरक होता. गावात असा फरक म्हणजे कुजबुजीला आमंत्रण. ट्रॉल्या कुणी विकल्या, वीटभट्टीवर कुणी नेल्या, एवढं बोलायला तेवढं पुरतं. कारण वेगळंच होतं, आणि ते मला पत्रक लिहिताना ठाऊक असायला हवं होतं. जमिनीत दाबून बसलेला गाळ उकरला की फुगतो. ढेकळांमध्ये हवा शिरते आणि एक ब्रास खड्ड्यातून साधारण सव्वा ब्रासच्या आसपास सैल माती निघते. मातीच्या जातीप्रमाणे हे प्रमाण थोडं कमी-जास्त होतं. आमच्याकडे १,४५६ ला १,७६० म्हणजे एकाला १.२ पडलं, ते गाळाच्या स्वभावाला धरूनच आहे. ट्रॉलीचा ब्रास आणि खड्ड्याचा ब्रास ही दोन वेगळी मापं आहेत. पाणी साठतं ते खड्ड्यात. मी पत्रकात ट्रॉलीचे २,८०० ब्रास घेऊन सरळ २,८३२ लिटरने गुणले होते आणि ७९ लाख लिटर लिहून मोकळा झालो होतो. एक थेंब पाऊस न पडता, १३३ च्या १३३ तास मशीन चाललं असतं, तरी खड्डा २,३३० ब्रासच्या आसपासच झाला असता आणि पाणी ६६ लाख लिटर. १३ लाख लिटर मी कागदावरच जास्त लिहिले होते.

प्रत्यक्षात १,४५६ ब्रास म्हणजे ४१ लाख लिटर. सांगितलेल्याच्या निम्म्याहून किंचित जास्त.

आता हे लिहायचं कसं? सोपी वाट अशी की ‘अवकाळी पावसामुळे उद्दिष्ट पूर्ण होऊ शकले नाही’ असं एक वाक्य टाकायचं. त्यात खोटं काही नाही. पण ७९ वरून ४१ वर येण्यात पाऊस एकटा नव्हता, आणि तुटीची कारणं सुटी करून लिहिली नाहीत तर सगळी तूट सोयीच्या कारणाच्या नावावर जाते. आम्ही ती सुटी केली. पहिले १३ लाख लिटर माझ्या चुकीच्या गुणाकाराचे. उरलेले २५ लाख लिटर मशीनचे ४७ तास कमी पडल्याचे. त्यांतले ३६ तास पावसाने गेले. ११ तास आमच्या नियोजनाने गेले.

ते ११ तास असे. करारात रोज ठराविक किमान तासांचे पैसे देण्याचं ठरलं होतं, मशीन चालो वा न चालो. असा करार सर्रास होतो, कारण मशीनवाला दूरवरून यंत्र आणून बसवतो. मे महिन्यात दोन मोठ्या लग्नतिथींना गावातले सगळे ट्रॅक्टर वऱ्हाडात गेले. गाळ भरायला ट्रॉली नाही, मशीन उभं. तिथी पंचांगात छापलेल्या होत्या. कुणी पाहिल्या नाहीत. ११ तासांचे २२,००० रुपये गेले आणि एक पाटीभरही गाळ निघाला नाही. बिल मात्र एकच होतं : ९७ तास, १,९४,०००. बैठकीत एकाने रास्त प्रश्न विचारला, “बिलात ९७ आहे, ऑडिटला ९७ चालेल, मग पत्रात ८६ आणि ११ वेगळं करून आपणच आपली शोभा का करायची?” गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वाशीत तो माणूस पोत्यामागं मजुरी घेतो. बावीस हजारांची किती पोती होतात, ते बघा.” पत्रात ८६ आणि ११ वेगळं छापलं.

मशीन चिखलातून ओढून काढायला दुसरं यंत्र बोलवावं लागलं, त्याचे ७,५०० जादा लागले. १९ तारखेला संध्याकाळी आभाळ पाहून चालक मशीन वर घ्या म्हणत होता आणि आम्ही आणखी एक दिवस काढू म्हणालो, हेही लिहिलं. सांडव्यासाठी दगड आणि वाळू ३१,००० ची आणून पडली, बांधकाम सुरूच झालं नाही. किरकोळ खर्च ५,४००. ट्रेलर १८,०००. सगळा मिळून खर्च २,५५,९००.

जमेच्या बाजूला आलेले आकडेही दुरुस्त करावे लागले. ४,१०,००० बोलीचे होते. हातात आले ३,७४,५००. सव्वीस जणांचे ३५,५०० यायचे राहिले. त्यांची नावं छापावीत असा आग्रह झाला, तसं गणपतीच्या वर्गणीत पूर्वी व्हायचंही. आम्ही छापली नाहीत. हा कागद न्यासाने दिलेल्या शब्दाचा हिशेब होता. देणगीदारांच्या शब्दाचा हिशेब त्यात मिसळला असता तर वाचणाऱ्याचं लक्ष आमच्या २२,००० वरून उडून शेजाऱ्याच्या पाचशेवर गेलं असतं. फक्त एकूण आकडा दिला.

शिल्लक १,१८,६००. तिच्यावर लगेच डोळे गेले. गणपती जवळ आले होते, देवळापुढच्या मंडपाचे पत्रे गळत होते, आणि ‘पैसा गावचाच आहे’ हे वाक्य दोनदा ऐकू आलं. पण तलावाच्या नावाने घेतलेला पैसा मंडपाला वापरायचा तर देणाऱ्यांना विचारावं लागेल, एकेकाला. २००४च्या त्सुनामीनंतर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेकडे तिथल्या गरजेपेक्षा जास्त पैसे जमले, तेव्हा थोड्याच दिवसांत तिने त्सुनामीसाठी देणग्या घेणं थांबवलं आणि आधीच्या देणगीदारांना लिहून विचारलं की उरलेली रक्कम दुसऱ्या संकटांकडे वळवू का. बहुतेकांनी होकार दिला. आमच्याकडे तर रक्कम उरलेलीही नव्हती. राहिलेले ४७ तास ९४,००० चे, मशीनची ने-आण पुन्हा १८,०००, सांडव्याचे उरलेले ८९,०००. म्हणजे अजून २,०१,००० लागणार आणि ८२,४०० कमी पडणार. ‘शिल्लक’ हा शब्दच तिथे फसवा होता. पत्रात आम्ही ‘न झालेल्या कामाची रक्कम’ असं लिहिलं.

सर्वांत अवघड परिच्छेद पैशांचा नव्हताच. गाळ कोणाच्या रानात गेला, हा होता. रेघांच्या वहीत प्रत्येक ट्रॉलीपुढे नाव होतं. १,७६० ट्रॉल्या तेवीस शेतकऱ्यांकडे गेल्या. ज्यांचा ट्रॅक्टर स्वतःचा आणि रान तलावाजवळ, त्यांच्याकडे भराभर गेल्या. समितीतल्याच एकाच्या रानात २१० पडल्या. दोन-अडीच एकरवाल्यांना भाड्याचा ट्रॅक्टर परवडला नाही, त्यांना पाच-दहा मिळाल्या किंवा काहीच नाही. कोणी नियम मोडला नव्हता, कारण नियमच नव्हता. तरी मशीनचा प्रत्येक तास वाशीतल्या माणसाच्या पैशाने चालत होता, आणि त्यातल्या कित्येकांच्या भावाच्या रानात गाळ पोहोचला नव्हता. ज्यांच्याकडे २१० गेल्या त्यांनी स्वतः सांगितलं की आकडा लिहा. नाव लिहिलं नाही, आकडा लिहिला, आणि पुढच्या वेळी एकरी ट्रॉल्यांची मर्यादा घालू असं खाली लिहिलं.

एक गोष्ट मात्र आम्ही जाणून लिहिली नाही. विहिरींना पाणी वाढलं, असं गावात सगळे म्हणतात, आणि वाढलंही आहे. पण २०२५ साली पाऊसच एवढा झाला की गाळ न काढलेल्या शेजारच्या तलावाखालच्या विहिरीही भरल्या आहेत. आमच्या खड्ड्यामुळे किती आणि पावसामुळे किती, हे आज कोणी सांगू शकत नाही. तलावाखालच्या चार विहिरी आणि शेजारच्या तलावाखालच्या दोन विहिरी दर पंधरवड्याला दोर सोडून मोजायला सप्टेंबरपासून सुरुवात केली आहे. मार्चमध्ये दोन्हीकडचं पाणी किती वेगाने उतरतं ते पाहून मगच बोलू, एवढंच पत्रात आहे.

पत्र एका कागदाच्या दोन बाजूंवर बसलं. एका बाजूला तीन रकाने : काय सांगितलं होतं, काय झालं, फरक का. दुसऱ्या बाजूला जमाखर्च. फोन न वापरणाऱ्या एकेचाळीस जणांना कागद हातात दिला.

तिसऱ्या दिवशी वाशीहून गुरुजींना फोन आला. मी शेजारी बसलो होतो. पलीकडे तीस वर्षं माथाडीत काढलेले एक गृहस्थ. “गुरुजी, ट्रॉल्या सतराशे साठ आन् ब्रास चौदाशे छप्पन. मधले तीनशे कुठं गेले?” गुरुजींनी फुगण्याचं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग आवाज आला, “म्हंजे सैल भरलेलं पोतं आन् ठोकून भरलेलं पोतं. मग हे आधी कसं नाय कळलं तुमाला?” गुरुजींनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हणालो, चुकलं माझं. ते म्हणाले, “बरं. सांडवा आधी बांधा. पावसात सांडवा गेला तर खड्डा बी जाईल.” आम्हीही तोच क्रम ठरवत होतो, कारण १,१८,६०० त सांडव्याचे ८९,००० बसतात, आणि उरलेल्या २९,६०० तून मशीनची ने-आण वजा केली तर जेमतेम पाच तासांचं खणणं होतं; तेवढ्यासाठी मशीन आणण्यात अर्थ नाही.

सगळ्यांनी असं घेतलं नाही. एकाने पुढे एक रुपयाही देणार नाही असं कळवलं, आणि त्याचं कारण ते अकरा तास होतं. त्याला उत्तर देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. थकलेल्या सव्वीसपैकी नऊ जणांनी कोणी न मागता पैसे पाठवले, १२,४०० रुपये. ती रक्कम पुढच्या पत्रात दाखवू. पाणी उतरून सांडव्याचा पाया उघडा पडला की दिवाळीनंतर बांधकाम सुरू होईल. पुढचं पत्र जानेवारीत जाईल.

एक काम अजून अपुरं आहे. ३,७४,५०० पैकी २,४१,३०० यूपीआयने आले, १,३३,२०० रोख. यूपीआयच्या सात नोंदींना नाव जुळत नव्हतं, मिळून १,८५० रुपये. पत्रात त्या सातांची तारीख आणि रक्कम छापली. पाच जणांनी ओळखून फोन केले, त्यांच्या पावत्या गेल्या. दोन राहिल्या आहेत : २३ मार्चचे २०१ रुपये आणि २ एप्रिलचे ५०० रुपये. माण-खटावच्या एखाद्या तलावासाठी त्या दिवशी आपण पैसे पाठवले असतील आणि पावती मिळाली नसेल, तर गावच्या न्यासाला कळवा. दोन्ही पावत्या गुरुजींनी लिहून, नावाची जागा कोरी ठेवून, पुस्तकातच ठेवल्या आहेत.